नफा चार लाख, गल्ला रिकामा

प्रश्न : मी अंबड तालुक्यातला निवृत्त शिक्षक आहे. माझ्या मुलाचं गावात कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खत, औषधं विकतो. यंदा सीएंनी ताळेबंद दिला, त्यात निव्वळ नफा चार लाख रुपये दाखवला आहे. मुलगा म्हणतो, घरात पैसा नाही, उलट बँकेचं सीसी खातं गेल्या वर्षीपेक्षा जास्त ओढलं गेलंय. मी आयुष्यभर पगारावर जगलो. महिन्याला पगार आला की तेवढी मिळकत, एवढाच हिशोब मला कळतो. चार लाख मिळाले असतील तर ते कुठे आहेत? सीए चुकले म्हणावं, की मुलगा काही लपवतोय म्हणावं?

उत्तर : गुरुजी, मुलावर संशय घेऊ नका. बहुधा सीएसुद्धा बरोबर आहेत. दोघं दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देताहेत आणि तुम्ही ती एकच समजताय. सीए सांगताहेत, वर्षभरात दुकानानं किती कमावलं. मुलगा सांगतोय, वर्षभरात हातात किती आलं. तुमच्या पगारात या दोन्हींचा आकडा एकच असायचा, म्हणून हा फरक तुमच्या वाट्याला कधी आला नाही. कृषी सेवा केंद्रात तो दर हंगामाला येतो, आणि जालना जिल्ह्यासारख्या कापूस-सोयाबीनच्या मुलखात जरा जास्तच येतो.

एक व्यवहार घेऊन बघू. समजा १२ जुलैला एक शेतकरी दुकानात आला. डीएपीच्या दोन गोण्या घेतल्या, प्रत्येकी १,३५० रुपयांच्या, आणि कपाशीवर फवारायला औषधाची एक बाटली, १,१८० रुपयांची. एकूण ३,८८० रुपये झाले. खत अनुदानाचं असल्यामुळे त्याला पॉस मशीनवर आधार क्रमांक देऊन अंगठा लावावा लागला. मशीननं पावती काढली, शिल्लक साठ्यातून दोन गोण्या वजा झाल्या, आणि सरकारच्या लेखी खत विकलं गेलं. खत कंपनीला मिळणारं अनुदानही याच नोंदीवरून निघतं. एवढं सगळं झालं, आणि शेतकरी म्हणाला, ‘लिहून ठेवा, कापूस निघाला की देतो.’

अंगठा लागला, पावती निघाली, माल गेला. पैसा मात्र आला नाही. मग विक्री झाली की नाही?

हिशोब ठेवण्याच्या एका रीतीत उत्तर आहे ‘झाली’. माल दिला, त्यावरचा हक्क सोडला, किंमत ठरली, समोरचा देणं लागतो. म्हणजे मिळकत आज झाली. मुलाच्या वहीत त्या शेतकऱ्याच्या खात्याला ३,८८० नावे पडतात आणि विक्री खात्यावर ३,८८० जमा होतात. रोख खात्याला हात लागत नाही. हा माल दुकानाला ३,५३० रुपयांना पडला असेल, तर ३५० रुपये नफा १२ जुलैलाच वहीत बसला. ही उपार्जन पद्धत. कायद्याच्या भाषेत हिलाच व्यापारी पद्धतही म्हणतात.

आता ५ डिसेंबर उजाडतो. पहिल्या वेचणीचा कापूस विकून शेतकरी दुकानात येतो आणि ३,००० रुपये देतो, उरलेले ८८० फरदडीनंतर. वहीत रोख खात्याला ३,००० नावे, शेतकऱ्याच्या खात्यावर ३,००० जमा. नफ्यात एका रुपयाचीही भर पडत नाही, कारण तो जुलैतच मोजून झाला. डिसेंबरात फक्त येणं कमी झालं आणि रोकड वाढली.

दुसरी रीत रोख पद्धत. तीत १२ जुलैला काहीच लिहिलं जात नाही. पैसा आला तेव्हाच मिळकत, पैसा गेला तेव्हाच खर्च. तुमचा पगार असाच मोजला जात होता. ही रीत सोपी आणि प्रामाणिक वाटते, आणि लहान व्यवसायात ती चालतेही. वकील, डॉक्टर, शिकवणी घेणारे अशा अनेकांचा हिशोब या पद्धतीनं असतो. पण माल साठवून हंगामात विकणाऱ्या दुकानात ही रीत काय चित्र दाखवील ते बघा. मे-जूनमध्ये मुलगा वितरकाचे पैसे भरतो, म्हणून तेव्हा प्रचंड तोटा. जुलै-ऑगस्टमध्ये दुकानात उभं राहायला जागा नसते, माल सपाट्यानं जातो, आणि वहीत मात्र सामसूम. डिसेंबरात दुकानात चिटपाखरू नसतं, शेतकरी जुने पैसे आणून देतात, आणि वहीत नफ्याचा पूर. धंदा कधी चालला आणि कशावर किती सुटलं, हे या वहीवरून कळणारच नाही. उपार्जन पद्धत विकलेल्या मालाची किंमत आणि त्यातून झालेली विक्री एकाच ठिकाणी समोरासमोर बसवते. तिचा सगळा उपयोग इथे आहे. गल्ल्यात काय आहे हे सांगण्याचा तिचा दावाच नाही.

जाता जाता एक सांगतो. उधारी सगळ्या मालावर सारखी नसते. शेतकऱ्यांमध्ये नाव झालेल्या कपाशीच्या वाणाची पाकिटं बहुतेक वेळा रोखीनंच जातात. मागणी जास्त असली की दुकानदार उधार देत नाही. उधारी चढते ती खतावर आणि औषधांवर. त्यातही अनुदानाच्या खतावर छापील किमतीपेक्षा एक रुपया जास्त घेता येत नाही. म्हणजे सहा महिने पैसे अडकवल्याचा मोबदला त्या गोणीवर कायदेशीररीत्या घेण्याची सोयच नाही. मुलगा बँकेला व्याज भरतो आणि शेतकऱ्याला बिनव्याजी देतो. ही उदारता ताळेबंदात कुठे दिसत नाही, ती बँकेच्या व्याजाच्या ओळीत लपलेली असते.

आता तुमचा खरा प्रश्न : चार लाख गेले कुठे? तुमच्या मुलाचे आकडे माझ्यापुढे नाहीत, म्हणून तुमच्याकडच्यासारखंच एक दुकान कल्पून आकडे मांडतो. जीएसटी तूर्त बाजूला ठेवू.

या दुकानाची वर्षाची विक्री ६० लाख. विकलेला माल दुकानाला ५३ लाखांना पडला. भाडं, पगार, वीज, हमाली, बँकेचं व्याज धरून खर्च ३ लाख. साठातून त्रेपन्न आणि तीन वजा केले की नफा ४ लाख. सीएंचा कागद इथे संपतो.

गल्ल्याचा कागद वेगळा आहे. गेल्या १ एप्रिलला शेतकऱ्यांकडे ८ लाख येणं होतं. वर्षभरात ६० लाखांचा माल गेला. पण ३१ मार्चला येणं १३ लाख झालं. म्हणजे हातात आले ५५ लाख. आता जावकीकडे बघा. वर्षाच्या सुरुवातीला दुकानात ५ लाखांचा माल होता, अखेरीस ६ लाखांचा. विकला ५३ लाखांचा आणि शिल्लक एका लाखानं वाढली, म्हणजे खरेदी ५४ लाखांची. वितरकाचं देणं ६ लाखांवरून ७ लाखांवर गेलं, म्हणजे त्याला प्रत्यक्ष दिले ५३ लाख. वर खर्चाचे ३ लाख रोख गेले. आले ५५, गेले ५६. वर्षभर राबून गल्ल्यातून एक लाख कमी झाला.

घर तर चालवायचं आहे. महिन्याला वीस हजार उचलले तरी वर्षाला २ लाख ४० हजार. ते नफ्यातून उचलले असं मुलगा म्हणेल, पण नफ्याचा पैसा हातात नव्हताच. तो सीसी खात्यातून आला. एक लाखाची तूट आणि घरचे दोन लाख चाळीस हजार, मिळून सीसी ३ लाख ४० हजारांनी वाढलं. ताळेबंदात नफा चार लाख, आणि बँकेत कर्ज साडेतीन लाखांच्या आसपास वाढलेलं. दोन्ही आकडे खरे आहेत. चार लाखांचा नफा गावातल्या शेतकऱ्यांच्या नावांपुढे आणि गोदामातल्या थप्पीत आहे.

हा फरक दिसण्यात आपल्या आर्थिक वर्षाचाही मोठा हात आहे, आणि त्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. जुलैत उधार दिलेले पैसे डिसेंबरात आले, तर दोन्ही एकाच आर्थिक वर्षात बसतात. ३१ मार्चला बघणाऱ्याला त्यांत काहीच फरक दिसत नाही. फरक उरतो तो मार्चअखेर न आलेल्या पैशांचा. रब्बीचं खत आणि हरभऱ्याचं औषध ऑक्टोबर-नोव्हेंबरात उधार गेलेलं असतं, आणि हरभरा-गहू घरात येऊन विकला जाईपर्यंत मार्च-एप्रिल उजाडतो. म्हणजे नेमका हिशोब बंद करायचा दिवस पैसे वाटेवर असतानाच येतो. जुन्या व्यापाऱ्यांची वही लक्ष्मीपूजनाला बदलायची. खरिपाचा मूग-उडीद-सोयाबीन तोवर बाजारात आलेला असायचा आणि बरीच खाती त्या सुमाराला मिटायची. आयकरासाठीसुद्धा तेव्हा दिवाळी ते दिवाळी असं वर्ष धरता यायचं. १९८९-९० या करनिर्धारण वर्षापासून सगळ्यांना एप्रिल ते मार्च सक्तीचं झालं. वहीपूजन आजही होतं, पण हिशोबाचं वर्ष पिकाच्या वर्षापासून तुटलं ते तुटलंच.

आता मुलाला वाटेल, मग रोख पद्धतच घेऊ, निदान न आलेल्या पैशावर कर तरी लागणार नाही. त्याला तसा पर्याय आहे. कंपनी असेल तर कंपनी कायद्यानं उपार्जन पद्धत बंधनकारक आहे. एकट्याच्या मालकीच्या दुकानाला आयकर कायदा दोन्हींपैकी एक निवडू देतो. पण जी निवडाल ती दरवर्षी सातत्यानं पाळावी लागते. विक्री रोखीनं मोजायची आणि खर्च उधारीचे धरायचे, अशी दोन्हींची सोयीस्कर खिचडी पूर्वी चालत असे; १९९७-९८ या करनिर्धारण वर्षापासून ती बंद आहे. माझं मत विचाराल तर साठवणीच्या धंद्यात रोख पद्धतीनं कराचा थोडा उशीर मिळवता येईल, पण धंदा समजण्याचं साधन हातचं जाईल. शिवाय कर्जासाठी बँक येणी-देणी आणि साठ्याचा तक्ता मागणारच. मग दोन हिशोब ठेवावे लागतील.

आणि जीएसटीला तुमची पद्धत कोणती याच्याशी देणंघेणं नाही. तिथे बिल हेच निमित्त. मघाची १,१८० रुपयांची बाटली आठवा. कीटकनाशकावर १८ टक्के दर धरला तर त्यात १,००० रुपये किंमत आणि १८० रुपये कर आहे. मासिक विवरण भरणाऱ्या दुकानदाराला हे १८० रुपये २० ऑगस्टपर्यंत हिशोबात घ्यावे लागतात. शेतकरी डिसेंबरात देणार म्हणून सरकार थांबत नाही. दिलासा एवढाच की खरेदीवर लागलेला कर त्यातून वजा होतो. बाटली ९०० रुपये आणि १६२ रुपये कर देऊन आणली असेल, तर पदरचे भरायचे फक्त १८.

पण या वजावटीला एक अट आहे, आणि आपल्याकडचे दुकानदार ती बऱ्याचदा विसरतात. वितरकाच्या बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत त्याचे पैसे दिले नाहीत, तर घेतलेली वजावट व्याजासह परत भरावी लागते. पुढे पैसे दिले की ती पुन्हा मिळते, व्याज मात्र गेलं ते गेलं. २० मे रोजी आलेल्या मालाचे १८० दिवस १६ नोव्हेंबरला भरतात. कपाशीची वेचणी तेव्हा ऐन भरात असते, शेतकऱ्याचा कापूस अजून घरात असतो किंवा भावाची वाट बघत असतो. शेतकरी देत नाही म्हणून मुलगा वितरकाला देत नाही, आणि जीएसटीची मुदत टळते. मेमध्ये उचललेल्या मालाच्या बिलांची यादी ऑक्टोबरअखेर एकदा काढून बघायला त्याला सांगा.

आयकर कायदासुद्धा सगळीकडे उपार्जनावर विश्वास ठेवत नाही, ही त्यातली गंमत. जीएसटी, कामगारांचा भविष्यनिर्वाह निधी, बँकेचं व्याज अशी काही देणी वहीत लिहिली म्हणून खर्चात धरत नाहीत, ठरल्या मुदतीत प्रत्यक्ष भरली तरच धरतात. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून सूक्ष्म आणि लघु उद्योगांची देणीही त्या यादीत आली. लेखी करार नसेल तर १५ दिवस, असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस. त्याच्या आत पैसे दिले नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच मिळतो. तुमचा मुलगा एखाद्या नोंदणीकृत लघु उद्योगाकडून थेट जैविक खत आणत असेल, तर त्याला हा नियम लागू होईल. नुसत्या वितरकाच्या बिलांना नाही, कारण वितरक व्यापारी असतो.

मग नफा खरा की कागदी, हे ओळखायचं कसं? मी सगळ्यात आधी उधारीचे दिवस काढतो. शेवटची बाकी भागिले वर्षाची विक्री गुणिले ३६५. वरच्या दुकानाची गेल्या वर्षी विक्री ५४ लाख आणि बाकी ८ लाख होती असं धरलं तर येतात ५४ दिवस. यंदा ६० लाखांवर १३ लाख, म्हणजे ७९ दिवस. विक्री नवव्या हिश्श्यानं वाढली आणि बाकी दीडपटीहून अधिक झाली. याचा अर्थ वाढलेली विक्री जवळजवळ सगळी उधारीवर झाली. असा धंदा वाढत नसतो, फुगत असतो. आणि ही बाकी ३१ मार्चची आहे. दिवाळीच्या आधी मोजली असती तर हेच दिवस याच्या दुप्पट निघाले असते, त्यानं घाबरू नका. दरवर्षी एकाच तारखेला मोजा म्हणजे तुलना खरी होते.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या तेरा लाखांचं वय. समजा त्यातले साडेचार लाख रब्बीचे आहेत. ते एप्रिल-मेमध्ये बहुतेक येतील. साडेपाच लाख खरिपाचे आहेत. कापूस विकून झाला तरी आले नाहीत, म्हणजे त्यांच्यामागे लागायला हवं. आणि तीन लाख त्याहून जुने, दोन-दोन वर्षांपूर्वीचे. उपार्जन पद्धतीनं त्या तीन लाखांचा नफा केव्हाच मोजून, कदाचित कर भरूनही टाकला. ते बुडाले हे वहीत लिहून टाकलं नाही तोवर ते मालमत्ता म्हणून ताळेबंदात मानानं बसून राहतात. बहुतेक दुकानदार लिहून टाकत नाहीत. एक तर नफा कमी दिसतो, आणि दुसरं, नाव कापलं की माणूसही कायमचा गेला असं त्यांना वाटतं. वास्तविक वहीतून बुडीत म्हणून काढलं म्हणजे मागण्याचा हक्क जात नाही. आयकरात त्याची वजावट मिळते, कारण ती रक्कम आधी उत्पन्नात धरलेली होती. पुढे पैसे आलेच तर त्या वर्षीचं उत्पन्न. वरच्या दुकानानं यंदा हे तीन लाख बुडीत लिहिले असते तर नफा चार लाख नव्हे, एक लाख दिसला असता, आणि गुरुजी, तुम्ही हे पत्र लिहिलंच नसतं. मात्र त्या उधारीवर भरलेला जीएसटी परत मिळत नाही, तो गेलाच.

बँकेचंही या वयाकडे बारीक लक्ष असतं. सीसी खात्यातून किती उचलता येईल हे ठरवताना बऱ्याच बँका ९० दिवसांहून जुनं येणं धरतच नाहीत. जुलैची उधारी ऑक्टोबरच्या मध्यालाच त्यांच्या हिशोबातून बाद होते, शेतकरी तर डिसेंबरात देणार. मुलाला ऐन रब्बीच्या खरेदीला बँक हात आखडता घेते असं वाटत असेल, तर कारण हे असू शकतं.

तिसरी खूण मार्चची. आर्थिक वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात एखाद्या कंपनीचा प्रतिनिधी येऊन ‘माल ठेवून घ्या, एप्रिलमध्ये हवं तर परत करा’ म्हणत असेल, तर तो स्वतःच्या विक्रीचं लक्ष्य पूर्ण करतोय. त्याच्या वहीत विक्री, तुमच्या मुलाच्या वहीत देणं, आणि दोघांच्याही हातात पैसा नाही. परत करता येईल असं ठरलेला माल खरं तर विक्री म्हणून मोजायलाच नको.

जालन्याला हा मुद्दा नवा नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको सुरू केली तेव्हापासून जालना बियाण्यांचं गाव आहे, आणि बियाण्यांच्या धंद्यात ही गोष्ट दोन्ही दिशांनी घडते. हंगामाआधी विक्रेते मालाची नोंदणी करून आगाऊ पैसे भरतात. ३१ मार्चला कंपनीच्या बँकेत पैसा असतो, पण बियाणं दिलेलं नसतं; म्हणून ती विक्री नव्हे, विक्रेत्यांचं देणं. मे-जूनमध्ये बियाणं जातं तेव्हा विक्री लिहिली जाते. पण पाऊस लांबला, पेरण्या बदलल्या, तर न विकलेली पाकिटं परत येतात. उगवणक्षमतेची मुदत संपत आलेलं बियाणं पुढच्या हंगामाला विकता येत नाही. म्हणून जाणकार लेखापाल पाठवलेल्या मालातून परत येईल त्याचा अंदाज आधीच वजा करतो. शंभर पेट्या गेल्या आणि मागच्या अनुभवावरून पंधरा परत येतील असं वाटत असेल, तर विक्री पंच्याऐंशीचीच. तुमच्या मुलाच्या दुकानात पैसा उशिरा येतो, इथे आधी येतो. तरी नफ्याची तारीख दोन्हीकडे माल सुपूर्द झाल्याची.

तेव्हा गुरुजी, मुलाला एकच यादी काढायला सांगा. ३१ मार्चची उधारी, नावानुसार नको, बिलाच्या तारखेनुसार लावलेली. संगणकावर हिशोब असेल तर पाच मिनिटांचं काम आहे, वहीत असेल तर एका रविवारचं. यादीच्या वरच्या टोकाला सगळ्यात जुनी बिलं येतील. तुमचे चार लाख तिथे सापडतील, आणि त्यातली काही नावं तुमच्या जुन्या विद्यार्थ्यांची असण्याची शक्यता आहे. वसुलीला मुलाऐवजी तुम्ही गेलात तर फरक पडेल असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

प्रश्न : बदनापूर तालुक्यात माझी मोसंबीची बाग आहे. आंबिया बहाराची फळं झाडावरच व्यापाऱ्याला दिली. काही रक्कम सौद्याच्या वेळी मिळाली, बाकी तोडणी होईल तशी मिळायची आहे. मी बाग विकली तो दिवस धरू, की पैसे आले ते दिवस?

उत्तर : तुमचं शेतीचं उत्पन्न केंद्राच्या आयकरातून सुटलेलं आहे, म्हणून एवढ्यासाठी उपार्जन पद्धतीची वही ठेवायची तुम्हाला गरज नाही. पैसे आले त्या तारखेला लिहा, तेवढं पुरे. नोकरीचं किंवा दुकानाचं दुसरं उत्पन्न असेल, तर मात्र कराचा दर ठरवताना शेतीचा आकडा विचारात घेतला जाऊ शकतो. अशा वेळी सल्लागाराला दाखवा.

पण एक गोष्ट करा. सौद्याच्या दिवशी एका कागदावर ठरलेली पूर्ण रक्कम, मिळालेला विसार आणि उरलेले हप्ते कोणत्या तोडणीला, हे लिहून व्यापाऱ्याची सही घ्या. बाजारभाव पडला की व्यापारी शेवटची तोडणी सोडून देतो आणि फळं झाडावर राहतात, असे प्रकार घडतात. बागेच्या सौद्यात शेवटचा हप्ता सगळ्यात आधी बुडतो. त्यामुळे पुढच्या वर्षीचा सौदा करताना शेवटच्या तोडणीचे पैसे मागे ठेवू नका, अर्ध्याहून अधिक रक्कम पहिल्या तोडणीआधी खात्यात जमा करून घ्या.